सुट्टीबद्दल, फक्त तुमच्यासाठी

प्रसाद सर,

मेल जरा मोठा झालाय. एकटे असाल तेव्हा वाचा, आणि मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर चालू असताना तर अजिबात उघडू नका प्लीज. फोनवर हे सगळं बोलणं मला आत्ता जमणार नाही म्हणून लिहितेय.

रविवारी, 8 फेब्रुवारीला, माझं मिसकॅरेज झालं. डॉक्टरांनी आराम सांगितलाय, घरी सासूबाई आहेत, नवऱ्यानेही सुट्टी घेतलीय, त्यामुळे काळजी घ्यायला माणसं आहेत. सोमवारी सकाळी तुम्हाला नुसतं 'तब्येत बरी नाही, येत नाही' एवढंच टाकलं होतं कारण तेव्हा त्यापेक्षा जास्त टाइप करायची ताकदच नव्हती.

एवढंच सांगायचं होतं आणि एवढंच सांगणारे. किती महिने झाले होते, कशामुळे झालं, कुठे अ‍ॅडमिट होते, पुढे काय, यातलं काही मी ऑफिसमध्ये कोणाशीच बोलणार नाहीये, तुमच्याशीही नाही. तुम्ही काळजीपोटीच विचाराल हे माहितीये, तरी नका विचारू. मला वाटलं तर मी होऊन सांगेन.

आता सुट्टीचं. मी सहा आठवडे घेतेय, 9 फेब्रुवारी ते 22 मार्च, सोमवारी 23 मार्चला ऑफिसला हजर. ही माझी पीएल किंवा सिक लीव्ह नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण पोर्टलवर आपोआप सिक लीव्ह कापली जाते आणि मग ती परत मिळवायला महिनाभर मेल करत बसावं लागतं. मिसकॅरेजनंतर सहा आठवडे पगारी रजा हा कायद्यातला हक्क आहे, 1961 च्या मॅटर्निटी बेनिफिट अ‍ॅक्टमध्ये कलम 9 होतं, नोव्हेंबर 2025 पासून सोशल सिक्युरिटी कोड लागू झाला त्यात कलम 65 आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट मी थेट एचआर हेडना पाठवलंय, तुम्हाला या मेलला जोडलं नाहीये ते मुद्दामच, त्यावर जे लिहिलंय ते एचआरच्या फाइलपुरतंच राहू दे. आणि या सहा आठवड्यांत बाईला कामाला लावायचं नाही असंही त्याच कायद्यात आहे, म्हणजे 'पाचच मिनिटं लॉगिन कर गं' हे पण नको सर. त्यानंतरही तब्येतीची काही तक्रार राहिली तर वेगळ्या सर्टिफिकेटवर अजून एक महिना मिळू शकतो, पण आत्ता तरी तसं काही दिसत नाहीये, 23 तारीखच धरून चाला.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच बघावी लागेल. आपल्या पोर्टलवर रजेचा जो प्रकार निवडू तो टीम कॅलेंडरवर माझ्या नावापुढे सगळ्यांना दिसतो, शिवाय अप्रूव्हलचा मेल ऑटोमॅटिक सीसीने आख्ख्या अकाउंट्सला जातो. म्हणून मी स्वतः पोर्टलवर काही टाकलेलं नाही. एचआरला सांगून मागून एंट्री करून घ्या आणि कॅलेंडरवर नुसतं 'रजेवर' दिसू दे. गेल्या वर्षी एकाच्या ऑपरेशनचं सगळं पुराण लंचच्या टेबलावर फिरत होतं, तुमच्याकडून नाही, पण फिरलं ना. तशी माझी चर्चा मला नकोय.

टीमला सांगायचं ते असं सांगा: 'मृणाल मेडिकल लीव्हवर आहे, 23 मार्चला येईल, कामासाठी अक्षयशी बोला.' बस. कोणी खोदून विचारलंच तर 'मला माहीत नाही' म्हणालात तरी चालेल, खोटं बोलल्यासारखं वाटून घेऊ नका. ग्रुपवर 'गेट वेल सून' नको, फुलं-फळं घेऊन घरी कोणी यायलाही नको. कल्पनाताईंना मी स्वतः सांगितलंय, बाकी कोणालाच नाही.

आणि प्रियांकाला तर नाहीच. तिला सातवा चालू आहे, उगाच धास्ती घेईल. तिच्या डोहाळजेवणाची वर्गणी माझ्याकडे जमा होत होती, ते पैसे आणि यादी कल्पनाताईंकडे दिलीय, साडीचा रंगही ठरलाय. मी त्या दिवशी रजेवरच असेन. मी आल्यावर मात्र बारशाचं वगैरे काही निघालं तर मला त्यात ओढू नका, मी वर्गणी देईन, प्रियांकावर माझा काडीचा राग नाही, फक्त पुढे होऊन करणं आत्ता होणार नाही.

कामाचं. जानेवारीचा जीएसटीआर-1 पोर्टलवर सेव्ह करून ठेवलाय, उद्या 11 तारीख, अक्षयने समरी एकदा नजरेखालून घालून फाइल करायचा. डीएससीचा टोकन माझ्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये निळ्या पाउचमध्ये आहे, ड्रॉवरची चावी रिसेप्शनला कल्पनाताईंच्या नावाने ठेवलीय. 14 ला 2बी येईल, त्यात एक घोळ दिसेल: आपल्या कास्टिंगवाल्या व्हेंडरने जानेवारीची दोन बिलं चाकणऐवजी गुजरात प्लांटच्या जीएसटी नंबरवर टाकलीत. त्याचं क्रेडिट 20 च्या 3बी मध्ये घेऊ नका, त्याला आधी त्याच्याकडून दुरुस्ती करायला लावा, तो फोनवर 'हो हो' म्हणतो आणि करत नाही, मेलच करा. पॅकिंगवाला एमएसएमई आहे, त्याचे 45 दिवस फेब्रुवारीअखेर भरतायत, ते पेमेंट लटकवू नका, लेट होऊन 31 मार्चला बाकी राहिलं तर खर्च या वर्षी अलाऊ होणार नाही आणि ऑडिटर परत आपल्यालाच धरेल. 7 मार्चचा टीडीएस आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता, दोन्हीची वर्किंग शेअर्ड फोल्डरमध्ये 'मार्च' नावाच्या शीटमध्ये आहेत. ही शीट मी डिसेंबरमध्येच करून ठेवली होती, नशीब.

मार्च एंडिंगच्या तोंडावर हे आलंय ते मलाही कळतंय, त्याबद्दल सॉरी म्हणणार नाहीये. मी परत येईन तेव्हा क्लोजिंगला आठ-नऊ दिवस राहिलेले असतील, तेव्हा मी पूर्ण वेळ असेन, फक्त पहिला आठवडा रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसणं जमणार नाही, साडेपाचला निघेन. अक्षयला एकट्याला झेपणार नाही, त्याला मदतीला कोणी तरी द्या, गोडाऊनच्या बिलांचं काम पंधरा दिवस थांबलं तरी काही बिघडत नाही.

फोन मी सायलेंटवर ठेवतेय. अगदीच अडलं तर अक्षयने नवऱ्याच्या नंबरवर मेसेज टाकावा, तो मला विचारून कळवेल, नंबर अक्षयला दिलाय. टीम्स आणि ऑफिसचा मेल दोन्ही मोबाईलवरून काढून टाकलेत, हा मेल लॅपटॉपवरून पाठवतेय आणि लॅपटॉपही बंद करतेय.

उत्तर मोठं नको. मेल मिळाला आणि एचआरशी बोललात एवढं नवऱ्याच्या नंबरवर टाकलंत तरी पुरे.

मृणाल
10 फेब्रुवारी 2026