मॅडम, दोन मिनिटं आहेत का? (मुदतवाढीवरचा भूमिकाभिनय)

जोड्या करा. संवादाला ७ मिनिटं. आपल्यापुरताच भाग वाचा. समोरच्याचा चोरून वाचलात तर पुढे बोलण्यासारखं काही उरणार नाही.

दोघांसाठी

बुधवार, दुपारचे साडेतीन. मॅडमची केबिन. समाजशास्त्राचा सर्वेक्षण-प्रकल्प शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत जमा करायचा आहे. त्याला २० गुण. उशिराच्या प्रत्येक दिवसाला २ गुण कापले जातील, हे पहिल्याच तासाला सांगितलेलं आहे.

फक्त विद्यार्थ्यासाठी

तुमच्या ३० मुलाखती घेऊन झाल्या आहेत, पण त्यातल्या १८च लिहून काढल्यात. मागच्या आठवड्यात तीन दिवस ताप होता. डॉक्टरांची चिठ्ठी बॅगेत आहे. त्याआधीचा आठवडा मात्र नाटकाच्या तालमीत गेला. तुम्हाला सोमवारपर्यंत वेळ हवा आहे.

आत शिरताच आजारपण सांगत बसू नका. आधी मागणी, मग कारण, मग किती काम झालंय ते. "थोडे दिवस द्या" यातून मॅडमना काहीच कळत नाही. वार आणि वेळ सांगा. लिहून झालेली पानं सोबत न्या आणि मॅडमनी विचारायच्या आधी समोर ठेवा. तालमीचं आपणहून सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मात्र थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. नकार मिळाला तर एकदाच दुसरा पर्याय मांडा. "बाकीच्यांना कशी दिली?" हे वाक्य गिळून टाका, कितीही खरं असलं तरी.

फक्त प्राध्यापकांसाठी

गुण मंगळवारी दुपारी परीक्षा विभागाकडे द्यायचे आहेत आणि ४२ प्रकल्प तपासायचे आहेत. काल एकाला तुम्ही मुदत नाकारलीत. त्याच्याकडे दाखवायला एकही पान नव्हतं. या विद्यार्थ्याला नाटकाच्या तालमीत तुम्ही स्वतः पाहिलंय.

पहिल्या मिनिटात होकार देऊ नका, पण उलटतपासणीही नको. विद्यार्थ्यानं ताप आल्याचं सांगितलं की एकदा विचारा: "तापाच्या आधी काय करत होतास?" (समोर मुलगी असेल तर "होतीस".) उत्तर सरळ आलं तर सूर मऊ करा. टोलवाटोलवी झाली तर घड्याळाकडे पाहा. डॉक्टरांची चिठ्ठी लगेच मागू नका. तो आपणहून काढतो का, ते पाहायचंय. काम दिसलं तर सोमवारी सकाळी ९ पर्यंत, गुण न कापता, एवढी सूट तुम्ही देऊ शकता. त्यापुढे एक तासही नाही. दुसरी वाट: लिहून झालेल्या १८ मुलाखतींवरच अहवाल, शुक्रवारीच. काहीही ठरलं तरी ते ईमेलवर लिहून पाठवायला सांगा. नाकारायचं असेल तर कारण एका वाक्यात द्या, शिस्तीवर भाषण नको.

नंतर, दोघांनी मिळून

मॅडमचं मन नेमकं कुठल्या वाक्याला वळलं, किंवा बिथरलं? तालमीचा विषय कुणी काढला? आता भूमिका बदला आणि याच केबिनमध्ये, चिठ्ठी नाही असं धरून, पुन्हा बोला.