वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना: रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ए आणि बी विंगच्या सगळ्या मेंबर्सना नमस्कार,

गणपतीची गडबड चालू आहे, परवा गौरी येतायत, तरी ही नोटीस आजच टाकतेय कारण १४ दिवस आधी द्यावी लागते आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. नवरात्रात कोणाला जमणार नाही म्हणून मधला रविवार धरलाय.

रविवार, १४ सप्टेंबर २०२५, सकाळी १० वाजता, बी विंगच्या खाली स्टिल्टमध्ये. भारत-पाकिस्तान मॅच रात्री ८ ला आहे, सभा दुपारी एकपर्यंत नक्की संपेल.

सभेपुढचे विषय:

१. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे.

२. २०२४-२५ चा हिशोब आणि ऑडिट रिपोर्ट. पीडीएफ ग्रुपवर टाकलीये, प्रिंट नोटीस बोर्डवर आहे. प्रश्न असतील तर शक्यतो आधी लिहून द्या म्हणजे पावत्या काढून ठेवता येतील.

३. पुढच्या वर्षासाठी ऑडिटर नेमणे.

४. ए विंगचा जिना आणि गच्चीची दुरुस्ती. यासाठीच मुख्य वेळ ठेवलाय. जुलैमध्ये रात्री तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर प्लास्टरचा मोठा पोपडा पडला, खाली मुलांच्या सायकली होत्या, एकीची सीटच फाटली, सकाळी वर बघितलं तर गंजून फुगलेल्या सळ्या उघड्या दिसत होत्या. तिथल्या आजी अजूनही उतरताना भिंतीला चिकटून उतरतात. बिल्डिंग १९९४ ची, तीस वर्षं उलटली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, ते आपण करून घेतलं आणि रिपोर्टमध्ये जिन्याचे बीम आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग या पावसानंतर लगेच करा असं लिहिलंय. सगळ्यात कमी कोटेशन २८ लाखांचं आलंय, सिंकिंग फंडात ६ लाख ४० हजार आहेत, म्हणजे उरलेले २१ लाख ६० हजार ४० फ्लॅटमध्ये वाटले तर प्रत्येकी ५४ हजार. एकदम भरणं सगळ्यांना शक्य नाही हे कमिटीला माहितीये म्हणून महिना ३ हजार याप्रमाणे १८ हप्ते असा प्रस्ताव आहे. तीनही कोटेशन्स सभेत ठेवू. फंड वापरायला सभेचा ठराव लागतो, कमिटी परस्पर काही करू शकत नाही.

५. मेंटेनन्सची थकबाकी. नावं बोर्डवर लावणार नाही, ज्यांची आहे त्यांच्याशी आधी बोलते.

६. पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंगसाठी आलेले दोन अर्ज.

७. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.

कोरम २० मेंबर्सचा आहे. साडेदहापर्यंत झाला नाही तर सभा तहकूब होऊन त्याच दिवशी ११ वाजता तिथेच भरेल आणि मग कोरमची अट नसेल. मागच्या वर्षी असंच झालं, अकरा जण होतो, निर्णय घेतले आणि नंतर वर्षभर लिफ्टमध्ये, गेटवर "आम्हाला कोणी विचारलंच नाही" हे ऐकलं. या वेळी प्रत्येक घरातून ५४ हजार जाणार आहेत, तेव्हा कृपा करून या, विरोध असेल तरी येऊन बोला, तो इतिवृत्तात लिहिला जाईल. मेंबरला जमत नसेल तर असोसिएट मेंबर येऊ शकतात, प्रॉक्सी किंवा पॉवर ऑफ अॅटर्नी चालत नाही.

येणार की नाही ते बुधवार १० सप्टेंबर रात्री ९ पर्यंत कळवा, ग्रुपवर फ्लॅट नंबर टाकून "येणार" लिहा किंवा गेटवर वॉचमनकाकांकडच्या वहीत सही करा. खुर्च्या आणि चहा-पोहे त्या आकड्यावर सांगायचेत. आजी-आजोबांसाठी पुढची रांग राखून ठेवतोय. कळवायचं राहिलं तरी या, बसायला जागा होईल.

ए विंगमधल्या ज्या घरांना मराठी जड जातं पण देवनागरी वाचता येतं, त्यांच्यासाठी इंग्लिशमध्ये:

डिअर मेंबर्स, अवर अॅन्युअल जनरल बॉडी मीटिंग विल बी हेल्ड ऑन संडे, १४ सप्टेंबर २०२५, १० ए.एम., अंडर बी विंग. अजेंडा: मिनिट्स, अकाउंट्स फॉर २०२४-२५, ऑडिटर, स्टेअरकेस अँड टेरेस रिपेअर्स (₹५४,००० पर फ्लॅट, १८ इन्स्टॉलमेंट्स प्रपोज्ड), ड्यूज, ईव्ही चार्जिंग, एनी अदर मॅटर विथ द चेअर्स परमिशन. इफ नो कोरम बाय १०:३०, द मीटिंग विल बी हेल्ड अॅट ११ ए.एम., सेम प्लेस. प्लीज कन्फर्म बाय वेन्सडे, १० सप्टेंबर, ९ पी.एम.

कमिटीच्या वतीने,
सचिव, बी-३०४
डोंबिवली पूर्व, २९ ऑगस्ट २०२५