जंटलमन या शब्दाविषयी ऋतुजास पत्र

भुसावळ,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. ऋतुजा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोनवर सांगितलेस की तुमच्या ऑफिसात वरिष्ठांनी सर्वांना धाडलेल्या पत्राची सुरुवात ‘जंटलमन’ अशी होती, आणि वाचणाऱ्या नऊ जणांत तुम्ही चार मुली होता. तू हसण्यावारी नेलेस, पण नंतर विचारलेस, ‘नाना, या शब्दाचा अर्थ तुमच्या वेळीही हाच होता का?’ फोनवर उत्तर नीट देता येईना, म्हणून लिहीत आहे.

माझ्या लहानपणी यावल तालुक्यातल्या आपल्या खेड्यात जंटलमन म्हणजे निव्वळ पोशाख. धोतर सोडून पँट घातली, पायात बूट चढवले आणि केसांचा भांग पाडला की पारावरून हाक ठरलेलीच, ‘काय भो, जंटलमन व्हई गया का?’ त्या हाकेत थोडे कौतुक असे, बरीचशी टवाळी असे आणि इंग्रजीचा धाकही असे. माणूस कसा वागतो, हे त्यात कोणी विचारीत नसे.

पुढे रेल्वेत लागलो आणि भुसावळ जंक्शनवर हाच शब्द पाटीवर रंगवलेला पाहिला. वरच्या वर्गाच्या प्रतीक्षालयात स्त्रियांची खोली वेगळी व ‘जंटलमन’ची वेगळी असे, तिथे बसायला तिकीट वरच्या वर्गाचे लागे. तिसऱ्या वर्गाचा उतारू फलाटावर घोंगडी अंथरून बसे. रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद केला, तोवर हा भेद तिकिटावर छापलेलाच होता. याचे मूळ विलायतेत आहे. तिथे जमीनजुमल्यावर जगणारा, पोटासाठी हाताने काम न करणारा कुलीन पुरुष तो जंटलमन. क्रिकेटमध्येसुद्धा पैसे न घेता खेळणाऱ्यांचा संघ ‘जंटलमन’ आणि मानधन घेणाऱ्यांचा ‘प्लेअर्स’ असे सामने तिथे होत आणि ते १९६२ पर्यंत चालले. म्हणजे मी शाळेत असताना तिकडे घामाचे पैसे घेणारा खेळाडू जंटलमनांत मोजला जात नव्हता! हे मला फार उशिरा वाचायला मिळाले आणि आपल्या पारावरची टवाळी एकदम शहाणपणाची वाटू लागली.

नोकरीच्या मधल्या वर्षांत मात्र हा शब्द कपड्यांवरून वागण्याकडे सरकला. ‘तो माणूस जंटलमन आहे’ म्हणजे शब्दाला जागणारा, चारचौघांत आवाज न चढवणारा, फायल अडवून हात पुढे न करणारा. १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला बाद दिले होते, तरी आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याने त्याला परत खेळायला बोलावले. सामना आपण दहा गड्यांनी हरलो. आमच्या कचेरीत त्यावर दोन तट पडले. एक तट म्हणे, असला चांगुलपणा काय चाटायचा? पण विश्वनाथ जंटलमन आहे, हे दोन्ही तटांना मान्य होते. मला विचारशील तर या शब्दाचे चांगले दिवस तेच.

तरीही एक गोष्ट मला तेव्हापासून खटकते. माझे वडील बैलबाजारात उपरण्याखाली समोरच्याची बोटे धरून भाव ठरवीत. तोंडातून अवाक्षर नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. बोटे दाबली की सौदा पक्का, आणि वाटेत कोणी जास्त किंमत देऊ केली तरी बैल त्याच दावणीला जाई. पुढे व्यापारी मंडळी अशा तोंडी कराराला ऐटीत ‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’ म्हणू लागली, पण गुडघ्यापर्यंत धोतर नेसणाऱ्या माझ्या वडिलांना कोणी जंटलमन म्हटल्याचे मी ऐकले नाही. तुझी आजी भिशीचे पैसे सांभाळी आणि एका रुपयाचाही घोळ होऊ देत नसे. तिला तर तो शब्द लागूच नव्हता.

आता तो झिजून ‘जेन्ट्स’ एवढा उरला आहे. जेन्ट्स टेलर, जेन्ट्स पार्लर, स्वच्छतागृहावरची पाटी. त्यात कूळ नाही, सचोटी नाही, फक्त पुरुष एवढाच अर्थ. बाईसाठी दार उघडून धरणाऱ्याला अजून कधीमधी जंटलमन म्हणतात, पण तोच घरी बायकोला बोलू देत नसेल तर त्या दाराचे मला कौतुक नाही.

तुमच्या वरिष्ठांनी जुन्या वळणाने लिहिले असावे, त्यात त्यांचा वाईट हेतू मला दिसत नाही. पण म्हणून गप्प बसावे असेही नाही. पूर्वी आपल्याकडे सभेत वक्ते ‘सभ्य गृहस्थहो’ म्हणत, पुढे स्त्रिया सभेला येऊ लागल्या तसे ‘सभ्य स्त्री-पुरुषहो’ झाले आणि कोणाचे काही अडले नाही. तू उत्तर पाठवशील तेव्हा वर ‘सर्व सहकाऱ्यांस’ असे लिही आणि खाली कामाचेच लिही. वाचणाऱ्याला कळेल. नाही कळले, तर पुढच्या बैठकीत तुम्ही चौघींनी सरळ सांगावे.

संक्रांतीला येणार आहेस का ते आजीला कळव. कळण्याचे पीठ दळून ठेवले आहे.

तुझे आजोबा,
नाना