सर, थँक्यू (जरा लांब झालंय)

सर,

हे काल ग्राउंडवरच सांगणार होते पण सगळ्या जणी होत्या, त्यात कॅप्टनने आधीच भाषण ठोकलं, मग मी नुसतं "थँक्यू सर" म्हणून सटकले. घरी आल्यावर वाटलं की एवढंच म्हणून कसं चालेल, म्हणून टाइप करतेय. एका बैठकीत नाही वाचलंत तरी चालेल.

आधी सॉरी. व्हॉलीबॉल सीझनच्या सुरुवातीला तुम्ही मला लिबेरो केलंत तेव्हा मी तीन आठवडे तोंड फुगवून फिरत होते, तुम्हाला ते दिसत होतंच, न दिसायला ते तोंड काही लहान नव्हतं. दोन वर्षं मी स्मॅशर होते ना, आणि उंची वाढेल वाढेल म्हणून वाट बघत होते, ती काही वाढली नाही. तुम्ही दिलेली ती वेगळ्या रंगाची जर्सी मी बॅगेत तळाशी कोंबली आणि घरी जाऊन आईला म्हणाले, सरांनी मला टीममधून काढलंच आहे, फक्त तसं बोलले नाहीत. ब्लॉक करायचा नाही, आपल्या लीगमध्ये सर्व्हिस नाही, नेटच्या वरचा बॉल मारायचा नाही, मग मी तिथे उभी राहून करू काय?

तेव्हा तुम्ही समजूत वगैरे काही घातली नाहीत. बॉल गोळा करताना सहज बोलल्यासारखं सांगितलंत की तुम्ही खेळायचात तेव्हा लिबेरो हा प्रकारच नव्हता, तो 1998 मध्ये आला, आणि तुमच्या उंचीच्या मुलाला मागच्या रांगेत दोन-तीन रोटेशन मिळाली तरी खूप, एरवी बेंच. मग म्हणालात, "माझ्या वेळी हा नियम असता तर मी ती जर्सी घालून झोपलो असतो." मी हसले नाही, कारण मी रागात होते. पण त्या रात्री जर्सी बॅगेतून काढून धुवायला टाकली, हे तुम्हाला माहीत नाहीये.

मग तुमची ती वही. माझा प्रत्येक रिसीव्ह तुम्ही लिहायचात, सेटरच्या हातात गेला तर 3, सेटरला थोडं पळावं लागलं तर 2, कसाबसा वर राहिला तर 1, आणि सरळ पॉइंट गेला तर 0. पहिल्या महिन्याचा माझा अ‍ॅव्हरेज 1.4 होता. मला वाटलं हे आता सगळ्यांसमोर वाचून दाखवणार, पण तुम्ही वही फक्त माझ्याकडे सरकवलीत आणि विचारलंत की झिरो कुठल्या बाजूला जास्त आहेत बघ. सगळे डाव्या खांद्याच्या बाजूला होते! मी तिकडे पाय हलवतच नव्हते, नुसते हात टाकत होते. कुणी तोंडाने सांगितलं असतं तर मी भांडले असते, पण वहीशी काय भांडणार. शेवटच्या महिन्यात 2.2 झाला, तो आकडा मी माझ्या फोनमध्ये वॉलपेपर म्हणून ठेवलाय, मैत्रिणींना वाटतं कसला तरी पासवर्ड आहे.

हां आणि तो फाउल, मी तीन मीटरच्या लाइनच्या पुढे उभी राहून मस्तपैकी फिंगरने बॉल उचलून दिला, आपल्या स्मॅशरने तो खच्चून मारला, सगळ्या नाचायला लागलो आणि रेफरीने पॉइंट त्यांना दिला. लिबेरोने तिथून फिंगरने दिलेला बॉल नेटच्या वरून मारता येत नाही हे तुम्ही चार वेळा शिकवलं होतंत. तुम्ही फक्त डोक्याला हात लावलात. त्यानंतर मी तो नियम विसरलेले नाही.

पण खरं थँक्यू सेमीफायनलसाठी आहे.

पाचवा सेट, आपण 10-7 ने पुढे, आणि त्यांची ती उंच मुलगी सर्व्हिसला आली. तिचा बॉल अजिबात फिरत नव्हता त्यामुळे हवेत डुलत यायचा, शेवटच्या क्षणी कुठे वळेल काही पत्ता नाही. पहिला माझ्या हाताला लागून बाहेर, दुसरा खांद्यावर, तिसरा मी आउट म्हणून सोडला आणि तो लाइनवर पडला. 10-10. तिन्ही माझे. मी बेंचकडे बघितलंच नाही, कारण दुसरी लिबेरो वॉर्मअप करून तयार होती आणि लिबेरो बदलायला सब्स्टिट्यूशनसुद्धा खर्च होत नाही, तुम्ही नुसता हात केला असता तरी मी बाहेर होते. मी तर मनातल्या मनात बाहेर जाऊन बसलेही होते.

तुम्ही टाइमआउट घेतलात. अर्धा मिनिट तुम्ही ब्लॉकबद्दल आणि सेटरशी बोललात, माझ्याकडे ढुंकूनही नाही, आणि परत जाताना म्हणालात, "अर्धं पाऊल मागे उभी राहा, आणि बॉल नको, तिचा हात बघ." बस. "टेन्शन घेऊ नको" नाही, "तू करू शकतेस" नाही. ते म्हणाला असतात ना तर मी तिथेच रडले असते.

चौथी सर्व्हिस परत माझ्यावरच आली, अर्थात, मी असते तर मीही तिथेच टाकली असती. मी मागे होते, हात बघत होते, पाय हलले, बॉल सेटरच्या डोक्यावर. 11-10.

आपण हरलोच शेवटी, 13-15, आणि मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते ते सगळ्यांना माहितीये. पण त्या रात्री मला झोपताना ते तीन पॉइंट आठवले नाहीत, चौथा आठवला. तुम्ही मला बाहेर काढलं असतं तर कुणीही तुम्हाला काही म्हटलं नसतं, मी पण नाही. आणि कदाचित आपण जिंकलोही असतो, हे मी खूपदा मोजून बघितलंय. तुम्ही पण मोजलं असणार, तरी मला आत ठेवलंत. का ते मी विचारणार नाही, तुम्ही सांगणारही नाही, शिट्टी वाजवून दोन राउंड मारायला लावाल.

एक तक्रार मात्र आहे. सेटरला तुम्ही जरा जास्तच ओरडता. ती दाखवत नाही पण तिला लागतं, आणि माझे पास वाकडे जायचे तेव्हाचं अर्धं ओरडणं खरं तर माझ्या वाट्याचं होतं. पुढच्या सीझनला ते मला द्या.

बॉलची बॅग माझ्याकडेच राहिलीये, सोमवारी आणते. त्यातल्या दोन बॉलमधली हवा जातेय, पिन आहे पण पंप तुमच्याकडे आहे. आणि सुट्टीत भिंतीवर रोज दोनशे पास करायला सांगितलेत ना, आज एकशे चाळीस झाले, मग शेजारचे बाहेर आले.

तुमची,
वेगळ्या रंगाची जर्सी, नंबर 7

ता. क. ती वही टाकून देऊ नका प्लीज. टाकायचीच असेल तर मला द्या.