अन्वीच्या आई-बाबांना

नमस्कार,

मंगळवारी तुम्ही दोघं समोर बसला होतात तेव्हा मी बरंच बोलले, पण 'प्लेटलेट नऊ हजार' हे ऐकल्यावर पुढचं फारसं डोक्यात शिरलं नसणार. बहुतेक आई-बाबांचं तसंच होतं. म्हणून सगळं पुन्हा, निवांत वाचता येईल असं लिहिते आहे. आजी-आजोबांना आणि शाळेतल्या बाईंनाही हे पत्र दाखवा.

आधी तो प्रश्न, जो अन्वीच्या आईने निघताना दारापाशी थांबून हळू आवाजात विचारला. नाही, हा रक्ताचा कॅन्सर आहे असं मला वाटत नाही, आणि हे मी नुसता धीर द्यायला लिहीत नाही. अन्वीचं हिमोग्लोबिन ११.८ आहे, पांढऱ्या पेशी ८,४०० आहेत. दोन्ही तिच्या वयाला अगदी ठीक. रक्ताची काचपट्टी मी स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिली. प्लेटलेट मोजक्याच दिसल्या, पण त्यातल्या काही नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, म्हणजे नव्या प्लेटलेट तयार होऊन बाहेर पडताहेत. एकही विचित्र पेशी नव्हती. तिचं यकृत, प्लीहा वाढलेली नाही, गाठी नाहीत, हाडं दुखत नाहीत, वजन घटलेलं नाही. हे सगळं जुळत असताना बोन मॅरोची तपासणी करायची गरज नसते, म्हणून ती सुचवली नाही. पुढे यातलं काही बदललं, तर ती तपासणी करू या असं मी स्वतःहून सांगेन.

तिच्या आजाराचं नाव इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. आम्ही सगळे आयटीपी म्हणतो. रक्त थांबवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात आणि एक प्लेटलेट आठ-दहा दिवस टिकते. तीन आठवड्यांपूर्वी अन्वीला सर्दी-ताप झाला होता. अशा आजाराशी लढायला शरीर अँटिबॉडी तयार करतं, आणि काही मुलांमध्ये त्यांतल्या काही अँटिबॉडी स्वतःच्याच प्लेटलेटवर जाऊन चिकटतात. अशा चिकटलेल्या प्लेटलेट प्लीहा रक्तातून उचलून नष्ट करते. मग एरवी आठवडाभर टिकणारी प्लेटलेट काही तासांतच संपते. बोन मॅरो नव्या बनवत राहतो, पण तेवढ्याने भागत नाही.

हा आजार संसर्गजन्य नाही, त्यामुळे धाकट्याला लागणार नाही. तो घराण्यातून आलेला नाही. खाण्यापिण्यात काही चुकलं म्हणूनही झालेला नाही. बाबा, 'डाग दिसल्यावर दोन दिवस आधी आणलं असतं तर?' असं तुम्ही विचारलंत. काहीही फरक पडला नसता. तेव्हाही मी हेच सांगितलं असतं.

आता तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट: काउंट इतका कमी आणि औषध काहीच नाही? आयटीपीमध्ये उपचार द्यायचा की नाही हे आकड्यावरून ठरत नाही, रक्तस्राव किती आहे त्यावरून ठरतं. अन्वीच्या नडग्यांवर बारीक लाल ठिपके आहेत, मांड्यांवर काळेनिळे डाग आहेत, आणि रविवारी नाकातून थोडं रक्त येऊन पाच मिनिटांत थांबलं. तोंडात, हिरड्यांवर काही नाही. एवढाच रक्तस्राव असेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाच योग्य उपचार आहे. आहेत त्या प्लेटलेट ताज्या असतात आणि काम चांगलं करतात. नऊ हजारांवरही बहुतेक मुलांना गंभीर रक्तस्राव होत नाही तो त्यामुळेही.

औषधं आहेत. स्टेरॉइडचा पाच-सात दिवसांचा कोर्स देतात, किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, ज्याने सहसा एक-दोन दिवसांत काउंट वर येतो. पण दोन्हींचा परिणाम तात्पुरता असतो आणि त्यांनी मूळ आजार लवकर बरा होत नाही. स्टेरॉइडने मूल चिडचिडं होतं, झोप बिघडते. इम्युनोग्लोब्युलिननंतर डोकेदुखी आणि उलट्या होऊ शकतात, आणि आयटीपीच्या मुलाला डोकं दुखलं की मेंदूत रक्त तर उतरलं नाही ना, ही शंका येतेच. रक्तस्राव नसताना मी अन्वीला यात ढकलणार नाही. तो वाढला तर त्याच दिवशी उपचार सुरू करू. बाहेरून प्लेटलेट चढवल्या तर त्याही तशाच नष्ट होतात, म्हणून ते फक्त जिवावर बेतलं तरच.

मेंदूतला रक्तस्राव ही आम्हालाही सतावणारी भीती आहे, ती तुमच्यापासून लपवणार नाही. तो शंभरात एकाहूनही कमी मुलांना होतो. पण डोक्याला जोरात मार लागला, डोकं खूप दुखायला लागलं, वारंवार उलट्या झाल्या, ती गुंगीत वाटली, झटका आला किंवा एका बाजूचा हातपाय नीट हलेनासा झाला, तर फोनवर विचारत बसू नका. सरळ इमर्जन्सीत या आणि पोचताक्षणी 'आयटीपी आहे' असं सांगा. तोंडात रक्ताचे फोड आले, लघवीत किंवा शौचात रक्त दिसलं, शी काळी झाली किंवा कुठलंही रक्त थांबेना, तरी लगेच यायचं.

नाकातून रक्त आलं तर तिला बसवा, मान मागे न टाकता पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्येच सोडून बघायचा मोह होतो, तो टाळा. थांबलं नाही तर आणखी दहा मिनिटं. तरीही वाहत असेल तर निघा.

ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, कारण उरलेल्या प्लेटलेटचं काम ती बिघडवतात. तापाच्या औषधाची बाटली असली तरी आतले घटक वाचा. स्नायूत इंजेक्शन, लस किंवा दाताचं काही काम असेल तर आधी मला विचारा.

तिला शाळेत पाठवा, धावू द्या, नाचू द्या. सध्या सायकल, उंचावर चढणं, ट्रॅम्पोलिन आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद. ती चार वर्षांची आहे, पडणारच; गुडघ्यावर मोठा निळा डाग उठला म्हणून घाबरू नका. रोज संध्याकाळी कपडे बदलताना एकदा अंग आणि तोंड बघा, तेवढं पुरे. ठिपका दाबल्यावर पुसट होत नसेल तर तो आयटीपीचाच. असे थोडे नवे ठिपके येत राहतील.

चारपैकी साधारण तीन मुलं सहा महिन्यांत आपोआप बरी होतात. बाकीच्यांतलीही बरीच त्यानंतर बरी होतात. बारा महिन्यांहून जास्त टिकला तर आम्ही त्याला क्रॉनिक म्हणतो, आणि त्यासाठीही चांगली औषधं आहेत. तो विषय आज नको. मधल्या काळात काउंट वरखाली होईल. चाळीस हजारांवर जाऊन एखाद्या सर्दीने पुन्हा बारावर येईल. तसं झालं म्हणजे आजार बळावला, असं नाही. म्हणूनच अधेमधे बाहेर रक्त तपासून घेऊ नका. तिला उगाच सुई टोचली जाते आणि तुमची रात्रीची झोप उडते.

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला या. येताना डागांचे फोटो असतील तर आणा, आणि जे प्रश्न सुचतील ते कागदावर लिहून आणा, कितीही असले तरी. फाइलच्या पहिल्या पानावर वॉर्डचा नंबर आहे; तिथे रात्रीही डॉक्टर असतात आणि अन्वीची माहिती त्यांना दिलेली आहे.

डॉ. मृणाल
बालरक्तविकारतज्ज्ञ