अ‍ॅसिटोन आणि पाण्याचे प्रभाजी ऊर्ध्वपातन : प्रयोगाचा अहवाल

चोपडा, 12 एप्रिल. हवेचा दाब 738 मिमी, प्रयोगशाळेचे तापमान 34 अंश.

एकाच मिश्रणाचे आधी साधे आणि मग फ्लास्कवर काचेचा उभा कॉलम लावून ऊर्ध्वपातन करायचे, आणि कॉलममुळे किती फरक पडतो ते आकड्यांत मांडायचे, एवढाच हेतू होता. अल्कोहोल मुद्दाम घेतले नाही. पाण्यासोबत ते वजनाने साधारण 95.6 टक्क्यांवर अडते. कॉलम कितीही लांब लावला तरी त्यापुढे जात नाही. अ‍ॅसिटोनला ती अडचण नाही.

50 मिली अ‍ॅसिटोन आणि 50 मिली पाणी एकत्र केले तेव्हा मोजपात्रात 100 नाही, जेमतेम 96 मिली भरले आणि काच हाताला कोमट लागली. दोन्ही वेळा हेच प्रमाण, 250 मिलीचा फ्लास्क, तळाशी चिनीमातीचे तुकडे आणि तापवायला मॅन्टल. अ‍ॅसिटोनजवळ बर्नर नकोच. थर्मामीटरचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडासमोर ठेवला. तो वर राहिला तर वाफ त्याला नीट लागत नाही आणि वाचन कमी येते.

खरी अडचण थंड पाण्याची होती. दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी 37 अंशांवर होते. आदल्या दिवशी तेच कंडेन्सरला जोडले, तर खोलीभर अ‍ॅसिटोनचा वास सुटला, म्हणून ती वाचने रद्द केली. या वेळी बादलीत बर्फ टाकून त्यात कूलरचा छोटा पंप सोडला आणि तेच पाणी फिरवले. वास थांबला.

वाफेचे तापमान असे मिळाले :

| जमलेला द्रव (मिली) | साधे (अंश से.) | कॉलमसह (अंश से.) |
|---|---|---|
| 5 | 61.5 | 56.0 |
| 10 | 62.0 | 56.0 |
| 20 | 63.5 | 56.0 |
| 30 | 65.5 | 56.5 |
| 40 | 70.0 | 57.5 |
| 46 | 78.0 | 64.0 |
| 50 | 86.0 | 81.0 |
| 52 | 89.5 | 97.0 |
| 60 | 98.0 | 99.0 |

शुद्ध अ‍ॅसिटोन 760 मिमी दाबाला 56 अंशांच्या किंचित वर उकळते. आमच्या दाबाला ते 55 च्या थोडे पुढे आणि पाणी 99.2 च्या आसपास उकळायला हवे. साध्या ऊर्ध्वपातनात पहिला थेंबच 61 च्या वर पडला आणि पारा कुठेही थांबला नाही. 66 ते 95 अंशांच्या मधे सुमारे 26 मिली द्रव आला, म्हणजे ना धड अ‍ॅसिटोन, ना धड पाणी. कॉलमसह तोच मधला भाग सुमारे 4 मिलीच निघाला.

कॉलमला कापूस आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली होती. वाफेची ओली कडा काचेवरून बोटाबोटाने वर चढताना फॉइलच्या फटीतून दिसत होती. ती माथ्याला पोचायला वीस मिनिटे लागली. मी मॅन्टल वाढवायला हात पुढे केला तेव्हा प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "भाऊ, आच वाढवू नको, दोन सेकंदाला एक थेंब पडू दे." त्यांचे ऐकले ते बरे झाले.

46 मिलीला, तापमान 64 असताना वीज गेली. अकरा मिनिटांत कॉलममधला सगळा द्रव खाली उतरला. वीज आल्यावर लगेच द्रव काढला नाही. वाफ माथ्याला पोचून थेंब परत खाली पडत राहू दिले. मग पारा 64 वर नाही, 57.5 वर स्थिरावला! त्या तापमानाला आणखी सुमारे 2 मिली आले आणि मगच तो झपाट्याने चढला. वीज गेली म्हणून वाचन बिघडेल असे वाटले होते, पण त्या थांब्याने विभाजन सुधारले. माझ्या मते संपूर्ण प्रयोगातले हेच सर्वांत मोलाचे निरीक्षण. काचेचा कॉलम तोच होता. खाली परतणाऱ्या द्रवाला वाफेशी भिडायला वेळ मिळाला, एवढाच बदल.

शुद्धता वजनावरून तपासली. बाटलीतल्या अ‍ॅसिटोनचे 10 मिली 7.75 ग्रॅम भरले, कॉलममधून पहिल्यांदा जमलेल्या द्रवाचे 7.80 आणि साध्या पद्धतीने पहिल्यांदा जमलेल्या द्रवाचे 7.96. साध्याच्या 30 ते 40 मिलीमधल्या द्रवाचे 10 मिली 8.08 ग्रॅम होते. म्हणजे कॉलममधूनही थोडे, सुमारे दोन टक्के, पाणी आलेच. अ‍ॅसिटोन जवळपास शुद्ध झाले की त्याची वाफ आणि द्रव यांच्या घटकांत फारसा फरक उरत नाही, त्यामुळे शेवटचे ते दोन टक्के पाणी या लांबीच्या कॉलमने निघाले नाही.

पुढच्या वेळी पहिला थेंब काढण्याआधीच कॉलम पंधरा मिनिटे असा परतीवर ठेवणार आहे, आणि 44 मिलीनंतर प्रत्येक मिलीला वाचन घेणार आहे. या खेपेला तापमानाची उडी नेमकी तिथेच होती आणि माझी वाचने तिथेच विरळ पडली.