त्या ओळीत संकष्टी कशी?

चि. ओवी, अनेक आशीर्वाद.

पंचांगाच्या पानाचा फोटो मिळाला. श्रावण वद्य, सोमवारची ओळ. तुझा प्रश्न रास्त आहे: तिथी तृतीया छापली आहे, मग त्याच दिवशी संकष्टी कशी?

त्या ओळीत ‘तृतीया 17.42’ असं आहे बघ. ती वेळ तृतीया संपण्याची आहे, सुरू होण्याची नाही. एवढं पक्कं धरलंस की अर्धं पंचांग वाचता आलं. सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाच्या नावे लागते, म्हणून छापली तृतीया. पण संध्याकाळी 5.42 नंतर चतुर्थी लागते, आणि संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी बघतात. चंद्र उगवणार 8.55 ला. म्हणून उपास सोमवारीच.

तिथी म्हणजे दिवस नव्हे. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. चंद्राची चाल कधी मंद, कधी जलद, त्यामुळे एखादी तिथी 20 तासांत आटोपते, एखादी 26 तासांपर्यंत लांबते. म्हणूनच कधी तिथीचा क्षय होतो, तर कधी तीच तिथी लागोपाठ दोन दिवस दिसते. मला हे पंचांगातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं.

पुढे ‘उ. भाद्रपदा 26.10’. घड्याळात सव्वीस कुठून आले म्हणून गोंधळू नकोस. 24 वजा कर: मध्यरात्रीनंतर 2.10. तोवर चंद्र उत्तराभाद्रपदा नक्षत्रात, मग रेवतीत. अशी नक्षत्रं 27, प्रत्येक 13 अंश 20 कलांचं.

‘धृति’ हा योग. सूर्य आणि चंद्र यांच्या स्थानांची बेरीज करून तो काढतात. करण म्हणजे अर्धी तिथी. तुझ्या ओळीत ‘विष्टि 17.42’ आहे, म्हणजे तृतीयेचा उत्तरार्ध. यालाच भद्रा म्हणतात आणि मंगलकार्याला ती टाळतात. तिथी आणि करण एकाच मिनिटाला का संपतात, हे आता तुझं तुलाच कळेल.

राहुकाळाचं मात्र नीट ऐक. सोमवारी साडेसात ते नऊ असं सगळे घोकतात, पण ते सूर्योदय सहाला आणि दिवस बारा तासांचा धरून. दिनमानाचे आठ भाग करायचे, सोमवारी दुसरा भाग राहूचा. मुंबईत त्या दिवशी सूर्योदय 6.20, सूर्यास्त 6.58. भाग कर: साधारण 7.55 ते 9.30 येईल. नागपुरात सूर्य सुमारे 25 मिनिटं आधी उगवतो, तिथला राहुकाळही तितकाच आधी. म्हणून पंचांगात आधी ते कुठल्या गावाचं आहे ते बघावं, मग मुहूर्त.

आता खालची, मंगळवारची ओळ वाच. चतुर्थी किती वाजता संपते आणि तिचं दुसरं करण कधी, ते रविवारी फोनवर सांग.

तुझे आजोबा